आंब्याचा गाभा कधी तापतो? बायोट नंबर आणि फूरिये नंबर समजून घेताना

निर्यातीच्या आंब्यात फळमाशीची अंडी किंवा अळी राहू नये म्हणून फळ गरम पाण्यात ठेवतात. युरोपला जाणाऱ्या भारतीय आंब्यासाठी ४८ अंश सेल्सिअसचे पाणी आणि ६० मिनिटे अशी एक पद्धत वापरली जाते. साल तापायला फार वेळ लागत नाही. तासभर लागतो तो कोयीजवळचा गर तापायला, आणि अळी तिथेही असू शकते. हा तास कुठून आला? पाणी जास्त जोराने फिरवले तर वेळ वाचेल का? आणि फळ थोडे मोठे असले तर किती मिनिटे वाढवायची?

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात काळाबरोबर बदलणारे उष्णतावहन शिकताना जे दोन एककरहित अंक भेटतात, बायोट नंबर आणि फूरिये नंबर, ते नेमके याच प्रश्नांसाठी आहेत. पुष्कळ विद्यार्थी त्यांची सूत्रे पाठ करतात, आकडे घालून उत्तरही काढतात, पण अंक हाती आल्यावर तो काय सांगतोय हे वाचत नाहीत. ते वाचायला शिकण्यासाठी हा एकच आंबा शेवटपर्यंत सोबत घेऊ.

आंबा गोल आहे असे धरू, त्रिज्या ३५ मिलिमीटर. खरा आंबा लांबट आणि चपटा असतो, मध्ये कोय असते. पण पहिल्या अंदाजाला गोल पुरतो. गरात बहुतांश पाणीच असल्यामुळे त्याची उष्णतावाहकता k सुमारे ०.५ वॅट प्रति मीटर-केल्विन, घनता सुमारे १००० किलो प्रति घनमीटर आणि विशिष्ट उष्णता सुमारे ३७०० जूल प्रति किलो-केल्विन. फळ सुरुवातीला २८ अंशांवर आहे आणि पाणी ४८ अंशांवर. पाणी पंपाने फिरवले जाते, म्हणून पृष्ठभागावरचा उष्णता-संक्रमण गुणांक h ५०० वॅट प्रति चौरस मीटर-केल्विन घेऊ.

आता उष्णतेच्या वाटेकडे पाहा. पाण्यातून गाभ्यापर्यंत जाताना तिला दोन अडथळे ओलांडावे लागतात. पहिला सालीला चिकटून असलेल्या पाण्याच्या पातळ थराचा. एक चौरस मीटर पृष्ठभागासाठी तो अडथळा, म्हणजे रोध, १/h इतका, आपल्या आंब्याला ०.००२. दुसरा अडथळा खुद्द गराचा. तो अंतर भागिले वाहकता, म्हणजे L/k इतका. ०.०३५ ला ०.५ ने भागले की ०.०७ येतात. आतल्या रोधाला बाहेरच्या रोधाने भागा:

Bi = (L/k) / (1/h) = h·L/k

उत्तर ३५. हाच बायोट नंबर. आतला अडथळा बाहेरच्या अडथळ्याच्या ३५ पट मोठा आहे, एवढेच तो सांगतो, पण त्यातून बरेच काही निघते. तापमानाचा उतार नेहमी मोठ्या रोधावर पडतो. त्यामुळे या आंब्यात साल आणि पाणी यांच्या तापमानात फरक जवळजवळ उरणार नाही, आणि साल व गाभा यांच्यात मात्र मोठा फरक राहील. आकडेमोड केली तर तसेच दिसते: अर्ध्या तासाने साल ४७.८ अंशांवर असते आणि गाभा ४१.७ वर. सालीला थर्मामीटर लावून ‘झाले’ म्हणणारा माणूस सहा अंशांनी फसतो.

आता त्याच टाकीत, त्याच आकाराचा तांब्याचा भरीव गोळा सोडू. तांब्याची वाहकता सुमारे ४००, गराच्या ८०० पट. एक घनमीटर तांबे एक अंशाने तापवायला सुमारे ३४ लाख जूल लागतात आणि एक घनमीटर आंब्याला सुमारे ३७ लाख. म्हणजे उष्णता साठवण्याची दोघांची क्षमता जवळपास सारखीच. पाणी तेच, आकार तोच, पृष्ठभाग तोच. तरीही तांब्याचा गोळा ४ मिनिटांत ४७ अंशांना पोहोचतो आणि आंब्याचा गाभा तिथे पोहोचायला ६० मिनिटे घेतो. हा सगळा फरक वाहकतेचा आहे. गोळ्याचा बायोट नंबर त्रिज्या घेऊन काढला तर ०.०४४ येतो. इथे आतला अडथळा नगण्य आहे, सगळी अडचण पृष्ठभागावर आहे. पाण्याने दिलेली उष्णता गोळ्यात क्षणात सगळीकडे पसरते, म्हणून गाभा आणि पृष्ठभाग सोबतच तापतात.

अशा वस्तूला आख्खे एकच तापमान आहे असे धरून चालते. मग हिशेब एका ओळीचा होतो. उरलेला तापमान-फरक घातांकी पद्धतीने घटतो आणि त्याचा कालांक असतो

τ = ρ·c·V / (h·A)

गोलासाठी V/A म्हणजे त्रिज्येचा तिसरा भाग. तांब्याच्या गोळ्यासाठी τ सुमारे ८० सेकंद निघतो. तीन कालांकांत, म्हणजे ४ मिनिटांत, २० अंशांच्या फरकातला एकच अंश उरतो. हीच ती ‘लम्प्ड’ पद्धत. ती वापरण्याची अट पुस्तकात ठळक अक्षरांत असते: बायोट नंबर ०.१ पेक्षा कमी हवा, आणि या तपासणीत L म्हणून V/A घ्यायचे. गोळ्यासाठी तो ०.०१५ येतो, म्हणून पद्धत चालली.

ही अट न तपासता तेच सूत्र आंब्याला लावून पाहा. τ येतो ८६ सेकंद, आणि तीन कालांक म्हणजे ४ मिनिटे १८ सेकंद. सूत्र सांगते की सव्वाचार मिनिटांत आंबा ४७ अंशांवर गेला. खरे उत्तर एक तास. उत्तर चौदा पट चुकले, तरी कागदावर गणित अगदी स्वच्छ दिसते, एककेसुद्धा जुळतात. म्हणून बायोट नंबर आधी काढायचा असतो. कोणते सूत्र लावायचे हे तोच ठरवतो.

टाकीत आणखी मोठा पंप बसवावा का, हेही त्यातूनच कळते. समजा जोरात पाणी फिरवून h दुप्पट केला. बायोट नंबर ३५ चा ७० झाला. गाभा ४७ अंशांवर यायला आता ६० ऐवजी सुमारे ५८ मिनिटे लागतात. h अनंत केला, साल पहिल्या क्षणापासून ४८ अंशांवरच धरून ठेवली, तरी सुमारे ५७ मिनिटे लागणारच. पंपावर कितीही खर्च केला तरी तीन मिनिटांपलीकडे काही वाचत नाही, कारण जो अडथळा आपण कमी करतोय तो मुळातच एकूण अडथळ्याचा लहानसा भाग आहे. टाकीत पाणी फिरवायला हवेच, पण ते सगळ्या कोपऱ्यांत तापमान सारखे राहावे म्हणून. फळ लवकर तापेल या आशेने नव्हे.

हेच फळ पाण्यातून काढून थंड खोलीत ठेवले की चित्र पालटते. संथ हवेत h सुमारे १० धरा. बाहेरचा रोध ०.१ झाला आणि आतला तोच ०.०७. बायोट नंबर ०.७. आता दोन्ही अडथळे एकमेकांच्या तोडीचे आहेत, आणि पंखा लावण्यात अर्थ आहे. ४७ अंशांचे फळ १५ अंशांच्या खोलीत २३ अंशांपर्यंत आणायचे असेल, तर संथ हवेत गाभ्याला सुमारे १३० मिनिटे लागतात. पंखा लावून h २५ केला की सुमारे ७०. एकच आंबा पाण्यात ढवळणीला दाद देत नाही आणि हवेत पंख्याला देतो. बायोट नंबर वस्तूचा गुणधर्म नाही हे इथे पक्के लक्षात ठेवा. तो वस्तू आणि तिच्या भोवतालची परिस्थिती यांच्या जोडीचा अंक आहे.

इथे एक गोंधळ हमखास होतो. अभिसरणाच्या प्रकरणात नसेल्ट नंबर येतो आणि त्याचे सूत्रही h·L/k असेच दिसते. फरक k मध्ये आहे. नसेल्ट नंबरात द्रवाची किंवा वायूची वाहकता घालायची, बायोट नंबरात घन वस्तूची. आपल्या आंब्यात ही चूक सापडणार नाही, कारण पाण्याची वाहकता सुमारे ०.६ आणि गराची ०.५, उत्तर जवळपास तेच येईल. पण तांब्याच्या गोळ्यात ४०० च्या जागी ०.६ घातला तर बायोट नंबर ०.०४४ ऐवजी २९ येईल आणि लम्प्ड पद्धत चालत असताना तुम्ही ती टाकून द्याल.

बायोट नंबराने अडथळा कुठे आहे ते सांगितले. किती वेळ, हा प्रश्न अजून बाकी आहे. त्यासाठी फूरिये नंबर:

Fo = α·t / L²

यातला α म्हणजे k/(ρ·c), तापमानातला बदल पदार्थात किती वेगाने पसरतो त्याचे माप. वाहकता जास्त असेल तर बदल वेगाने पुढे सरकतो. साठवण जास्त असेल तर वाटेतच उष्णता मुरते आणि बदल रेंगाळतो. म्हणून एक वर, दुसरी खाली. आंब्याच्या गरासाठी α सुमारे १.३५×१०⁻⁷ चौरस मीटर प्रति सेकंद.

सूत्रात L²/α हा तुकडा वेगळा काढा. त्याचे एकक सेकंद आहे. तापमानातल्या बदलाला पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत पसरायला ज्या मानाने वेळ लागतो, तो हा वेळ. आंब्यासाठी तो ९,०७४ सेकंद, म्हणजे सुमारे १५१ मिनिटे. फूरिये नंबर म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातला वेळ या १५१ मिनिटांच्या मापाने मोजणे. ६० मिनिटे म्हणजे ०.४. तांब्याच्या गोळ्यासाठी हाच वेळ साडेदहा सेकंद आहे, म्हणून त्याची ४ मिनिटे म्हणजे फूरिये नंबर सुमारे २३. घड्याळात आंबा जास्त वेळ पाण्यात राहिला, पण आतल्या प्रवासाच्या मापाने पाहिले तर गोळाच त्याच्या कितीतरी पुढे गेलेला आहे.

या सूत्रात h कुठेच नाही, हे लक्षपूर्वक पाहा. फूरिये नंबराला बाहेर पाणी आहे की हवा याची खबर नसते. ती बाजू पूर्णपणे बायोट नंबराकडे आहे. म्हणून नेमके उत्तर काढताना दोघेही लागतात. गोलाच्या गाभ्यासाठी वापरायचे सूत्र असे:

θ = C·exp(−ζ²·Fo)

θ म्हणजे सुरुवातीच्या तापमान-फरकातला उरलेला अंश. C आणि ζ हे आकडे फक्त बायोट नंबरावर ठरतात आणि कोष्टकातून घेतात. काळ शिरतो तो फक्त फूरिये नंबरातून. बायोट नंबर ३५ साठी C सुमारे १.९९ आणि ζ सुमारे ३.०५. त्यात Fo ०.४ घातला की θ जवळपास ०.०५ येतो. २० अंशांतला एकच अंश उरला, गाभा ४७ वर. १९४७ साली हाइस्लर यांनी प्रसिद्ध केलेले आलेख, जे अजूनही पाठ्यपुस्तकांच्या मागे असतात, ते याच सूत्रावर बेतलेले आहेत.

या सूत्राची मर्यादा मात्र खरी आहे. पूर्ण उत्तर ही एक अनंत श्रेणी असते आणि आपण तिचे पहिलेच पद घेतले आहे. Fo सुमारे ०.२ च्या वर गेल्यावर बाकीची पदे विझून जातात आणि एक पद पुरते. त्याआधी नाही. आंब्यासाठी ०.२ म्हणजे सुमारे ३० मिनिटे. दहाव्या मिनिटाला, म्हणजे Fo ०.०६६ असताना, हे सूत्र लावून बघा. θ येतो १.०८, म्हणजे गाभा २६.५ अंशांवर. २८ अंशांचे फळ गरम पाण्यात ठेवले आणि ते थंड झाले! पुढची पदे धरली की खरे उत्तर मिळते, सुमारे २९.७ अंश. दहा मिनिटांत गाभा पावणेदोन अंशांनीच हललेला असतो. θ एकापेक्षा मोठा आला की समजावे, वेळ अजून फार थोडा झाला आहे आणि सूत्र चुकीच्या जागी लावले आहे.

फूरिये नंबरातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे हरातला वर्ग. बायोट नंबर मोठा असलेल्या वस्तूत गाभ्याला तेच तापमान गाठायचे असेल तर फूरिये नंबर जवळपास तोच लागतो. मग L वाढला की वेळ L च्या वर्गाने वाढतो. त्रिज्या ३५ ऐवजी ४२ मिलिमीटर केली, फक्त २० टक्क्यांनी वाढवली, तर ६० मिनिटांची सुमारे ८६ मिनिटे होतात. कोणी जुन्याच वेळेवर, तासाभराने, ते मोठे फळ बाहेर काढले तर त्याचा गाभा ४५ अंशांवरच असतो. बाहेरून दोन्ही फळे सारखीच गरम लागतात. वेगवेगळ्या आकाराची फळे एकाच क्रेटमध्ये भरून प्रक्रिया करू नये, याचे कारण हे आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमावलीत हा वर्ग चक्क दिसतो. मेक्सिकोहून येणाऱ्या गोलसर जातींच्या आंब्यांना ४६.१ अंशांच्या पाण्यात ठेवण्याचा वेळ तिथे वजनावर ठरवलेला आहे: ५०० ग्रॅमपर्यंत ७५ मिनिटे, ७०० ग्रॅमपर्यंत ९० आणि ९०० ग्रॅमपर्यंत ११०. आपण पडताळून पाहू. वजन ५०० चे ९०० झाले, म्हणजे १.८ पट. आकार तोच राहिला तर लांबी १.८ च्या घनमुळाने, म्हणजे १.२२ पट वाढते. तिचा वर्ग १.४८. ७५ ला १.४८ ने गुणा, १११ मिनिटे. ७०० ग्रॅमसाठी हाच हिशेब ९४ देतो, नियमात ९० आहे. नियम अळ्या मरतात की नाही याच्या चाचण्यांवर आधारलेले असतात, त्यामुळे तंतोतंत जुळण्याची अपेक्षा नको. पण रोख स्पष्ट आहे: वेळ वजनाच्या प्रमाणात, म्हणजे १.८ पटीने, वाढवलेला नाही.

या वर्गामुळेच L चुकीचा घेण्याची शिक्षा मोठी असते. त्रिज्येऐवजी व्यास घातला तर फूरिये नंबर चौथाई होतो. लम्प्ड तपासणीसाठी घेतलेला V/A, म्हणजे त्रिज्येचा तिसरा भाग, तसाच आलेखात नेला तर तो नऊ पट होतो. आलेख आणि कोष्टके गोलासाठी व दंडगोलासाठी त्रिज्या आणि दोन्हीकडून तापणाऱ्या पाटीसाठी अर्धी जाडी धरून बनवलेली असतात. तुमच्या पुस्तकातल्या कोष्टकाच्या शीर्षकात कोणती लांबी आहे ते पाहूनच आकडा उचला.

राहिला h चा प्रश्न. k, ρ, c कोष्टकात मिळतात, पण तुमच्या टाकीतला h कोणत्याच पुस्तकात नसतो. तो काढायला आपला तांब्याचा गोळाच कामाला येतो. त्याच्या मध्यापर्यंत भोक पाडून त्यात थर्मोकपल बसवायचे, गोळा टाकीत सोडायचा आणि दर दहा सेकंदांनी तापमान टिपायचे. उरलेल्या फरकाचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढून काळाशी आलेख मांडला की सरळ रेषा मिळते. तिचा उतार म्हणजे −१/τ, आणि त्यातून h. रेषा सरळ आली नाही तर टाकीचे तापमान मध्येच बदलले, किंवा बायोट नंबर वाटला तेवढा लहान नाही. आंब्यावर मात्र हा प्रयोग करून h मिळणार नाही. बायोट नंबर ३५ असताना गाभ्याच्या तापमानावर h ची छापच इतकी पुसट असते की तो त्यातून वाचता येत नाही.

घरी करून पाहायचे असेल तर दोन गोलसर बटाटे घ्या, एक लहान, एक मोठा. त्यांचे गुणधर्म आंब्याच्या जवळपास असतात. स्वयंपाकघरातल्या खुपसण्याच्या थर्मामीटरने मधोमध तापमान मोजत दोन्ही एकाच गरम पाण्यात ठेवा. पाणी ५५ अंशांच्या आसपास ठेवलेत तर पिठूळ गर शिजून गुणधर्म बदलण्याची भानगड राहत नाही. तापमान मिनिटांशी मांडले तर दोन वेगळे वक्र येतील. आता प्रत्येकाच्या वेळेला त्याच्याच त्रिज्येच्या वर्गाने भागा आणि पुन्हा मांडा. दोन्ही वक्र जवळजवळ एकावर एक बसायला हवेत. बसले नाहीत, तर आधी थर्मामीटरचे टोक खरोखर मध्यावर आहे का ते तपासा, कारण तिथे पाच मिलिमीटरची चूकही तापमानात दिसते. मगच h आणि k च्या आकड्यांवर शंका घ्या.